कोरड्या गल्लीत पाडलेला पाऊस: रात्रीच्या फोटोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आठवड्यात ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत मी फोनवर एक फोटो काढला. समोर चार मीटरवर झेंडूच्या टोपल्या घेऊन बसलेली मावशी, तिच्या मागे कडेला उभी केलेली रिक्षा आणि त्याही मागे दुकानांवर आकाशकंदील आणि लाइटच्या माळा. त्या फोटोचं पुढे मी रंगचित्रासारखं रूप केलं. दिव्यांची वर्तुळं झाली, रस्ता ओला झाला, सगळ्यावर एक पिवळसर झळाळी आली. प्रिंट बघणाऱ्यांनी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. मी हे काम गिंप या मोफत सॉफ्टवेअरवर करतो, म्हणून मेनूची नावं तिथली आहेत. बाकीचं कुठेही लागू पडेल.

खरंच पाऊस नव्हता? रस्ता तर चकचकीत दिसतोय.

नव्हता. रस्ता ठणठणीत कोरडा होता, वर फटाक्यांचा कचरा. खरा ओला रस्ता मिळत असेल तर तोच घ्या. ठाण्यात जून ते सप्टेंबर त्याची ददात नाही आणि त्यातले निम्मे कष्ट वाचतात. पण पावसाळ्यात कंदील नसतात आणि कंदिलांच्या दिवसांत पाऊस हमखास येत नाही. दोन्ही एकाच चौकटीत हवे असतील तर एक काहीतरी हाताने करावं लागतं, आणि कंदील रंगवण्यापेक्षा पाणी रंगवणं सोपं.

फोटो आडवा कापून खालच्या बाजूला उलटा चिकटवला तर प्रतिबिंब होतं ना? मग माझं खोटं का दिसतं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि सगळी गोम इथेच आहे. तळ्याच्या फोटोत ही युक्ती बऱ्यापैकी खपते. मासुंदा तलावाच्या पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात उलटे दिसतात तेव्हा ते सगळे साधारण एकाच अंतरावर असतात, म्हणून एकच घडी पुरते. गल्लीत तसं नसतं. रिक्षा बारा मीटरवर, दुकान बावीस मीटरवर, नाक्यावरचा सिग्नल शंभर मीटरवर. प्रत्येक वस्तूची घडी वेगळ्या जागी पडते.

ती जागा म्हणजे वस्तूचा पाय. दिवा भिंतीवर असो की हवेत लोंबकळत असो, त्याच्या बरोबर खाली रस्त्याच्या पातळीवरचा जो बिंदू, तो त्याचा पाय. पायापासून दिवा जितका वर, तितकंच प्रतिबिंब पायाच्या खाली. कॅमेरा सरळ धरलेला असेल, म्हणजे वर किंवा खाली झुकलेला नसेल, तर हा हिशोब तंतोतंत बसतो.

माझ्या फोटोचंच उदाहरण घ्या. फोटो ४००० पिक्सेल रुंद. फोन डोळ्यांच्या उंचीवर, सुमारे दीड मीटरवर धरलेला. क्षितिजाची रेषा वरून १४००व्या ओळीवर येते. बावीस मीटरवरचा एक कंदील जमिनीपासून चार मीटर उंच आहे. फोटोत तो १०७०व्या ओळीवर दिसतो आणि त्याचा पाय, म्हणजे त्याच्या खालचा रस्ता, १६००व्या ओळीवर. फरक ५३० पिक्सेलचा. म्हणून प्रतिबिंबाची जागा १६०० अधिक ५३०, म्हणजे २१३०.

आता हाच फोटो क्षितिजावर दुमडून बघा. कंदील क्षितिजाच्या ३३० पिक्सेल वर आहे, म्हणून उलटा कंदील १७३०व्या ओळीवर येतो. खऱ्या जागेपेक्षा ४०० पिक्सेल वर! बघणाऱ्याला हे गणित माहीत नसतं, पण आयुष्यभर ओले रस्ते बघितलेला डोळा लगेच सांगतो की काहीतरी चुकतंय. 'चिकटवल्यासारखं' म्हणतात ते हेच.

पाय दिसतच नसेल तर? पुढे गाड्या उभ्या असतात.

दुकानांच्या पायाशी फुटपाथची कड असते. ती जिथे जिथे दिसते तिथले दोन बिंदू जोडून रेषा ओढा, म्हणजे गाड्यांमागे लपलेला भागही कळतो. फुटपाथ रस्त्यापेक्षा वीतभर उंच असतो, पण आरसा रस्त्याचा आहे. त्यामुळे पाय फुटपाथच्या वर नाही, तर रस्त्याची पातळी फुटपाथखालून आत वाढवली तर जिथे येईल तिथे धरायचा. शंभर मीटरवरच्या दिव्याला हा फरक पाच-सहा पिक्सेलचाच पडतो, तिकडे दुर्लक्ष करा. जवळच्या पाटीला मात्र करू नका.

कंदील दुकानापुढे मीटरभर बाहेर टांगलेला असेल तर त्याचा पायही भिंतीच्या मीटरभर पुढे. रस्त्यावरून आडव्या ताणलेल्या माळेतल्या प्रत्येक दिव्याचा पाय आपापल्या खाली, भर रस्त्यात.

रिक्षाच्या वर कंदील स्पष्ट दिसतो, पण खाली त्याचं प्रतिबिंब नाही. विसरलात का?

नाही, ते मुद्दाम आहे आणि माझ्या मते त्या फोटोतली तीच सगळ्यांत खरी जागा आहे.

प्रतिबिंब ही वरच्या चित्राची नक्कल नसते. रस्त्यावरच्या त्या ठिकाणी डोळा ठेवून वर बघितलं तर काय दिसेल, ते प्रतिबिंबात दिसतं. दीड मीटर उंचीवरचा माझा डोळा आणि बावीस मीटरवर चार मीटर उंच कंदील, यांच्यामधला किरण रस्त्याला टेकतो तो माझ्यापासून सहा मीटरवर. तिथून तो कंदिलाकडे चढत जातो. रिक्षा बारा मीटरवर उभी आहे. तिथे पोचेपर्यंत किरण दीडच मीटर वर आलेला असतो आणि रिक्षाचं टप सुमारे एक मीटर सत्तर सेंटिमीटर. म्हणजे किरण रिक्षाला धडकतो. मी मात्र थेट बघतो तेव्हा माझी नजर त्याच जागी जवळपास दोन मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर उंचीवरून, टपावरून आरामात जाते. म्हणून वर कंदील दिसतो आणि खाली रिक्षाची काळी सावलीसारखी आकृती.

दर वेळी एवढं गणित मांडायची गरज नाही. प्रत्येक वस्तू वेगळ्या लेयरवर घ्या, आपापल्या पायावर उलटी करा आणि लेयर रचताना जवळचं वर, लांबचं खाली हा क्रम ठेवा. रिक्षाचा उलटा लेयर कंदिलाच्या उलट्या लेयरवर आपोआप येतो आणि त्याला झाकतो. ओल्या डांबरावर कंदिलाची चमक लांबट पसरते, म्हणून रिक्षाच्या प्रतिबिंबाच्या खालच्या कडेबाहेर तिचं थोडं शेपूट दिसतं. ते मी ठेवलं आहे.

चमकेचा पट्टा किती लांब करायचा? आणि तो माझ्याकडे तिरपा यायला नको का?

तिरपा नको. रस्त्याच्या कडा दूरवर एकत्र येतात म्हणून पट्टेही तसेच तिरपे ओढायचा मोह होतो. सरळ धरलेल्या कॅमेऱ्यात प्रत्येक दिव्याचा पट्टा दिव्याच्या बरोबर खाली, उभाच असतो. फोन वर किंवा खाली झुकवला असेल तर इमारतींच्या उभ्या कडा तिरप्या होतात, तेव्हा पट्टेही त्याच दिशेने तिरपे करा. उभ्या कडांशी समांतर म्हणा हवं तर.

लांबीबद्दल. डांबरावर पाण्याचा थर बसला तरी खाली खडी असते, त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग बारीक बारीक उंचवट्यांचा होतो. प्रत्येक उंचवटा दिव्याची चमक थोडी इकडेतिकडे फेकतो. आपण रस्त्याकडे जितकं तिरकं बघतो तितकी ती चमक उभ्या दिशेला जास्त पसरते आणि आडव्या दिशेला कमी. सहा मीटरवरच्या रस्त्याकडे बघताना नजर रस्त्याशी साधारण १४ अंशांचा कोन करते. तिथे पट्टा रुंदीच्या सुमारे चौपट लांब. सतरा मीटरवर कोन ५ अंशांवर येतो, तिथे अकरापट. म्हणजे लांबी आणि रुंदी या दोन वेगळ्या इच्छा नाहीत. रुंदी ठरवली की लांबी ठरली. मी कंदिलाच्या पट्ट्याची रुंदी ९० ठेवली आणि उभी लांबी ३६०.

गिंपमध्ये `Filters > Blur > Linear Motion Blur` घ्या, कोन ९०. त्यावर थोडा `Gaussian Blur`, आडव्या दिशेला कमी आणि उभ्या दिशेला जास्त. एवढ्यावर थांबलात तर पट्टा ट्यूबलाइटसारखा गुळगुळीत दिसेल. त्याला तोडायला हवं. आडव्या रेघांची खरखर असलेला एक करडा लेयर करा, `Perspective` टूलने तो रस्त्यासारखा पसरवा, म्हणजे जवळच्या रेघा जाड आणि लांबच्या बारीक होतील, आणि `Filters > Map > Displace`ला तो लेयर द्या. पट्टा आडव्या तुकड्यांत फाटतो. जवळ मोठे तुकडे, लांब बारीक तुकडे.

सगळा रस्ता सारखाच चमकवला तर काय बिघडतं?

पायाजवळचा रस्ता खोटा पडतो. पाणी सरळ वरून बघितलं तर जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं. पावसात स्वतःच्या चपलांकडे बघा, तिथे डबक्याचा तळ दिसतो, आकाश फारसं नाही. तिरकं बघत गेलं की परावर्तन वाढतं. सपाट पाण्याचा हिशोब दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यासाठी केला तर दीड मीटरवर सुमारे ३ टक्के, सहा मीटरवर सुमारे २३ टक्के आणि सतरा मीटरवर जवळपास ५८ टक्के.

म्हणून प्रतिबिंबांच्या सगळ्या लेयरचा एक ग्रुप करून त्याला मास्क द्या: क्षितिजाकडे पांढरा, खालच्या कडेकडे जवळजवळ काळा. सरळ रेषेत उतरणारा ग्रेडियंट नको. क्षितिजाजवळ तो भराभर उतरतो आणि खाली बराच वेळ मंद राहतो, तसा ठेवा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. गाड्यांचे हेडलाइट खाली असतात, त्यामुळे त्यांचा किरण रस्त्याला फार तिरका आणि लांबवर टेकतो. बावीस मीटरवरच्या स्कूटरचा दिवा रस्त्यावर चमकतो तो माझ्यापासून पंधरा मीटरवर आणि निम्म्याहून थोडा जास्त प्रकाश परत येतो. उंचावरच्या कंदिलाचा जेमतेम पाव. ओल्या रस्त्यावर गाड्यांचे दिवे डोळ्यांत खुपतात ते यामुळेच. स्कूटरच्या दिव्याचा पट्टा कंदिलापेक्षा फिका ठेवला असेल तर उलट करा.

रस्ता आधी काळा करायचा की आधी प्रतिबिंबं टाकायची?

आधी काळा. ओलं डांबर कोरड्यापेक्षा गडद दिसतं, कारण पाण्याच्या थरात शिरलेला प्रकाश बाहेर पडताना पुन्हा आत वळतो आणि खडीत जिरतो. मी रस्त्याचा भाग निवडून `Colors > Exposure`मध्ये उणे एक स्टॉप केला, म्हणजे उजेड निम्मा केला, आणि रंग किंचित गडद केले. प्रतिबिंबं त्यानंतर, `Addition` मोडमध्ये. `Normal`मध्ये अर्धपारदर्शक ठेवलीत तर रस्ता दुधाळ होतो.

आता इथे एक खोडी आहे आणि मी स्वतः तिच्यात दोन संध्याकाळी घालवल्या. सगळं बरोबर करूनही रस्ता कोरड्या रस्त्यावर प्लास्टिक अंथरल्यासारखा दिसत होता. कारण शेवटी सापडलं. दुकानांपुढे दिव्यांचा उजेड जमिनीवर गोल सांडला होता. कोरड्या रस्त्यावर तो असतोच, पण ओल्या रस्त्यावर ही उजेडाची तळी जवळजवळ विरून जातात आणि त्यांच्याऐवजी दिव्यांची प्रतिबिंबं दिसतात. दोन्ही एकत्र ठेवली की मेंदू गोंधळतो. ती तळी मोठ्या मऊ ब्रशने आसपासच्या काळ्या रंगात मिसळून टाका. तशाच रिक्षाखालच्या आणि माणसांच्या कडक सावल्याही फिक्या करा.

डबकी कुठे ठेवायची?

पाणी साचेल तिथे. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, म्हणून फुटपाथच्या कडेने, गटाराच्या जाळीभोवती, चाकांनी दबलेल्या पट्ट्यांत आणि खोदकाम बुजवलेल्या खड्ड्यांत (आपल्याकडे याची जागा शोधावी लागत नाही). भर रस्त्याच्या मध्यावर, उंचवट्यावर गोल डबकं आलं की खेळ संपला. लांबून बघितलेलं डबकं गोल नसतं, आडवं आणि चपटं असतं. डबक्यात पट्टा लांबवायचा नाही, तिथे प्रतिबिंब जवळजवळ स्वच्छ ठेवायचं आणि कड लागली की पुन्हा खरखरीत पट्टा सुरू. तोच दिवा डबक्यात नेमका आणि बाहेर फाटलेला, हे दिसलं की बघणारा पाण्यावर विश्वास ठेवतो.

बोके म्हणजे काय आणि माझी वर्तुळं राखाडी का येतात?

मांजराशी संबंध नाही. जपानीत त्या शब्दाचा अर्थ धूसरपणा. फोकसबाहेरचा दिवा लेन्सच्या छिद्राच्या आकाराचा ठिपका होतो, तो आपल्याला वर्तुळासारखा दिसतो.

राखाडी येण्याचं कारण असं. फोनच्या फोटोत माळेतला दिवा आणि उजेडातला पांढरा सदरा दोघंही २५५ या सगळ्यांत उजळ आकड्यावर अडकलेले असतात, जरी खरा दिवा सदऱ्याच्या कितीतरी पट तेजस्वी असला तरी. दिवा फोटोत आठ पिक्सेल रुंद आहे आणि तुम्हाला पासष्ट पिक्सेलचं वर्तुळ हवं आहे. क्षेत्रफळ सुमारे सहासष्टपट वाढलं, म्हणजे तेज सहासष्टाव्या हिश्श्यावर आलं. वर्तुळ दिसणार कसं?

म्हणून हरवलेलं तेज आधी परत द्यायचं. `Image > Precision` मधून चित्र ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट आणि लिनिअर लाइट करा, म्हणजे २५५च्या वरचे आकडे मरत नाहीत. फक्त दिव्यांचा वेगळा लेयर करा, सदरे आणि पांढऱ्या भिंती हाताने पुसा आणि त्या लेयरचं एक्स्पोजर पाच ते सहा स्टॉप वाढवा. सहा स्टॉप म्हणजे चौसष्टपट, जवळपास तेवढंच जेवढं पसरण्यात जाणार आहे. मग `Filters > Blur > Lens Blur`. साधा गॉशियन ब्लर नको. त्याचा ठिपका मध्ये उजळ आणि कडेला विरलेला कापसासारखा येतो, लेन्सचं वर्तुळ मात्र आतून साधारण सपाट आणि कडेला ठाम असतं.

कंदिलाला सुबक वर्तुळ येत नाही, असं काहीजण तक्रारीने म्हणतात. यायलाही नको. फूटभर रुंद कंदील बावीस मीटरवरून माझ्या फोटोत चाळीसेक पिक्सेलचा आहे, म्हणजे तो ठिपका नाही, आकार आहे. पासष्टच्या वर्तुळाने तो पसरला की शंभर पिक्सेलचा मऊ ढग होतो, चांदणीची टोकं विरघळतात. सुबक वर्तुळं माळेतल्या बारीक दिव्यांची.

जास्त तेजस्वी दिव्याचं वर्तुळ मोठं करायचं ना?

नाही. वर्तुळाचा आकार अंतरावर ठरतो, तेजावर नाही. माझा फोकस मावशीवर, चार मीटरवर. फार लांबच्या दिव्याचं वर्तुळ मी ८० पिक्सेलचं ठरवलं. मग आठ मीटरवरच्या दिव्याचं ४०, बावीस मीटरवरच्याचं ६५ आणि शंभर मीटरवरच्या सिग्नलचं ७७. बघा, बावीस आणि शंभर यांच्यात फारसा फरक नाही, खरी उडी सुरुवातीच्या काही मीटरमध्येच आहे. म्हणून तीन थर केले की पुरे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर फोनइतक्या रुंद चौकटीत खऱ्या मोठ्या कॅमेऱ्यानेही एवढी वर्तुळं येत नाहीत. फुल फ्रेमवर २६ मिलिमीटरची f/1.4 लेन्स लावली असती तरी बावीस मीटरवरचं वर्तुळ अकरा पिक्सेलच्या आसपास भरलं असतं. आपण इथे चित्र करतोय, म्हणून अतिशयोक्ती चालते. एकमेकांशी असलेलं प्रमाण मात्र मोडू नका.

प्रतिबिंबातही वर्तुळं हवीत का?

डबक्यात हवीत, डांबरावर नकोत. सपाट पाण्यात दिसणारा दिवा फोकसच्या दृष्टीने दिव्याइतकाच लांब असतो, पाणी कितीही जवळ असो. म्हणून मावशीच्या टोपलीशेजारच्या डबक्याची कड आणि त्यातलं झेंडूचं फूल नेमकं आहे, पण त्याच डबक्यातली माळ ६५ पिक्सेलच्या वर्तुळांची. खडीवरच्या पाण्याचे बारीक उंचवटे मात्र प्रत्येकी एखाद्या इवल्या फुगीर आरशासारखे वागतात आणि दिव्याची बारीक प्रतिमा आपल्या अगदी जवळ, रस्त्याच्याच अंतरावर तयार करतात. म्हणून फोकसमधल्या रस्त्यावर पट्ट्यात टोचरे, नेमके ठिपके दिसतात. मागे जाऊ तसे तेही धूसर.

झळाळी आणि बोके एकच नाही का?

दोन्ही वेगळी आहेत आणि त्यांचा मास्कही वेगळा असतो. मागच्या दिव्याचं वर्तुळ मावशीच्या पदराच्या कडेशी कापलं जातं, पदरावर चढत नाही. झळाळी लेन्समध्ये आणि डोळ्यात पसरते, म्हणून ती पदरावरही सांडते. झळाळीचा लेयर मास्कने मावशीभोवती कापला की ती कागदाच्या कटआउटसारखी दिसते.

एकाच मोठ्या ब्लरची झळाळी धुक्यासारखी मळकट येते. मी उजळ भागाच्या तीन प्रती करतो, अनुक्रमे १०, ४० आणि १६० पिक्सेलच्या ब्लरच्या, आणि प्रत्येक पुढची आधीच्यापेक्षा बरीच फिकी ठेवून `Addition`ने मिळवतो. गिंपमधला `Filters > Light and Shadow > Bloom`ही झटपट काम करतो, पण त्यात त्रिज्या एकच मिळते. दिव्याचा गाभा पांढराच राहू द्या, रंग त्याच्या भोवतीच्या वलयात असतो.

रंगचित्रासारखं करणारा फिल्टर कधी लावायचा?

बोके आणि प्रतिबिंबांच्या आधी, मूळ फोटोवर. नंतर लावला तर वर्तुळांची बटाट्यासारखी वेडीवाकडी भोकं होतात. `Filters > Artistic > Oilify` मागच्या भागावर मोठ्या आकाराने, मावशीच्या अंगावर लहान आकाराने आणि चेहऱ्यावर जवळजवळ नाहीच.

मग शेवटी वेगळ्या लेयरवर हाताने थोडे ब्रशचे फटकारे: रस्त्याला आडवे, पट्ट्यांना उभे आणि त्यांना छेदणारे चार-दोन आडवे ओरखडे. फिल्टरपेक्षा या वीस मिनिटांनी चित्र जास्त बदलतं.

आमच्या सोसायटीसमोर सिमेंटचा रस्ता आहे. तिथे?

सिमेंट ओलं झालं तरी डांबराइतकं काळं होत नाही, त्यामुळे प्रतिबिंबं फिकी वाटतात. रस्ता कमी गडद करा, पट्टे मंद ठेवा. काही सिमेंट रस्त्यांवर आडव्या खाचा असतात, तिथे पट्टा त्या खाचांच्या अंतराने तुटतो.

हा फोटो स्पर्धेला पाठवता येईल?

छायाचित्राच्या स्पर्धेला नाही पाठवत मी. रस्त्यावरचं खरं जीवन टिपल्याचा दावा असलेल्या ठिकाणी तर मुळीच नाही. प्रिंटखाली 'रस्ता रंगवलेला आहे' असं लिहितो.

स्क्रीनवर छान होता, पण प्रिंटमध्ये झळाळीला पायऱ्या का आल्या?

अंधारात हळूहळू विरणारी झळाळी आठ बिटांत साठवली की एकेका छटेचा पट्टा दिसू लागतो, डोंगराच्या नकाशावरच्या रेषांसारखा. शेवटपर्यंत ३२ बिटांतच काम करा आणि जेपेग काढण्याच्या अगदी आधी पूर्ण चित्रावर हलका दाणा टाका, `Filters > Noise > RGB Noise`, अगदी कमी. दाणा १०० टक्क्यांवर जेमतेम दिसला पाहिजे, पूर्ण चित्र बघताना दिसता कामा नये. पायऱ्या त्याने मोडतात.

प्रिंट काळा येतो ही दुसरी तक्रार, तिचं कारण बहुतेकदा रात्रीच्या अंधाऱ्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर केलेलं काम. स्क्रीनच्या शेजारी दिव्याखाली एक कोरा कागद धरा आणि स्क्रीनवरचं पांढरं त्या कागदाइतकंच उजळ होईपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग रस्त्याचा काळा पुन्हा बघा. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये रिक्षा पूर्ण बुडाली होती, फक्त तिचा मागचा लाल दिवा आणि त्याचा पट्टा उरला होता. एका गिऱ्हाइकाने तोच पसंत केला आणि घेऊन गेला.